टायरची चप्पल आणि गंधकाची गाठ

मे महिन्यातील दुपारी तीर्थपुरीकडे येणारा डांबरी रस्ता ज्यांनी पायी तुडवला असेल, त्यांना एक दृश्य निश्चित आठवत असेल. ऊन इतके कडक असते की रस्त्यावरचे डांबर मऊ पडते, उन्हात चकाकू लागते आणि त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीच्या चाकाची खूण त्यात उमटते. ऊसतोडीचे, बांधकामाचे वा शेतमजुरीचे काम करणारी आपली माणसे त्याच रस्त्यावरून टायरची चप्पल घालून चालत जातात. चपलेच्या तळाला डांबराचे ठिपके चिकटतात, परंतु चप्पल स्वतः वितळत नाही, पायाला चिकटत नाही आणि घरी आल्यावर पाहिली तर तिचा आकारही बदललेला नसतो. डांबर काळे आणि टायरही काळे, दोघांच्याही डोक्यावर सूर्य एकच. असे असता एक का विरघळते आणि दुसरे का विरघळत नाही?

आपल्या निवासी शाळेत विज्ञान शिकविताना हा प्रश्न आम्ही अनेक वर्षे वर्गात विचारीत आलो. बहुतेक विद्यार्थ्यांचे उत्तर एकच असे: ‘सर, रबर मुळातच पक्के असते.’ हे उत्तर चुकीचे आहे. झाडापासून मिळणारे रबर मुळात पक्के नसते. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी रबराचे बूट घालून एखादा मनुष्य आपल्या मे महिन्यात या रस्त्याने चालला असता, तर डांबराची आणि त्याच्या बुटांची अवस्था फारशी वेगळी राहिली नसती. रबराला आजचा टिकाऊपणा एका विशिष्ट क्रियेने प्राप्त झाला. तिला व्हल्कनीकरण म्हणतात. ही क्रिया नेमकी काय करते आणि तिच्यापूर्वीचे रबर उन्हाळ्यात का चिकटत असे, हे या लेखात समजून घेऊ.

झाडाचा चीक

रबराचे झाड पाहण्यासाठी आता केरळपर्यंत जाण्याची गरज उरलेली नाही. आपल्याच राज्यात, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात रबराच्या बागा उभ्या आहेत. पहाटे झाडाच्या सालीवर तिरकी चीर देतात आणि खाली वाटी बांधतात. चिरेतून पांढरा चीक थेंबाथेंबाने वाटीत गळतो. रुईचे पान तोडल्यावर निघणारा पांढरा चीक आपण सर्वांनी पाहिला आहे. रबराच्या झाडाचा चीक दिसावयास तसाच असतो. त्यात साधारण एक तृतीयांश रबर आणि उरलेले बहुतांशी पाणी असते. या चिकात सौम्य आम्ल घातले की दुधाचे दही व्हावे तसे रबर विरजते. त्याचा गोळा लाटण्याच्या रुळांतून काढून पाणी पिळून टाकतात, पातळ शीट करतात आणि ती वाळवितात किंवा धुरावर धरतात. ही शीट म्हणजे कच्चे रबर.

ही शीट हातात घेतली तर ती ताणली जाते, सोडली की बऱ्याच अंशी परत येते, पाणी तिच्यातून जात नाही. सर्व गुण आहेत असे वाटते. परंतु ती ताणून काही वेळ तशीच धरून ठेवली, तर ती पूर्ण परत येत नाही, थोडी लांबलेलीच राहते. दोन शीट उन्हात एकमेकींवर दाबून ठेवल्या तर त्या परस्परांना घट्ट चिकटतात. पेट्रोलमध्ये तुकडा टाकला तर तो आधी फुगतो आणि हळूहळू विरघळून जातो. पंक्चर काढणाऱ्याजवळील सोल्यूशन हे असेच विरघळविलेले रबर होय. ते बोटावर वाळले की आपण त्याची गोळी वळतो, ती चिकट गोळी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लोक ज्याचे बूट आणि कोट करीत होते ते रबर जवळजवळ या गोळीसारखेच होते.

बॉस्टनचा उन्हाळा

1820 नंतर ब्राझीलमधून आलेले रबराचे बूट अमेरिकेत विकले जाऊ लागले. पाऊस आणि बर्फ यांच्या देशात पाणी न शिरणारा बूट ही मोठी सोय होती. स्कॉटलंडमध्ये चार्ल्स मॅकिन्टॉश याने 1823 साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून जलरोधक कापड करण्याची पद्धत काढली. पुढे 1833 साली बॉस्टनजवळ रॉक्सबरी येथे रबराचा माल करणारी एक कंपनी निघाली आणि तिच्या पाठोपाठ आणखीही कंपन्या उभ्या राहिल्या. बूट, टोप्या, कोट, गाडीवर टाकावयाची आच्छादने, सर्व काही रबराचे होऊ लागले. लोकांनी पैसा गुंतविला.

नंतर उन्हाळा आला. हिवाळ्यात विकलेला माल उन्हाळ्यात परत येऊ लागला. बूट पायाला चिकटत, घडी घातलेला कोट पुन्हा उलगडत नसे, एकावर एक रचलेल्या मालाचा एकच गोळा होई. त्याला दुर्गंधी सुटे, कारण चिकातील प्रथिनेही रबराबरोबर उरलेली असत आणि उष्णतेत ती कुजत. परत आलेला माल खड्डे खणून पुरावा लागला असे त्या काळाचे वृत्तान्त सांगतात. ज्यांचा माल उन्हाळ्यात कसाबसा तगला, त्यांचा तो हिवाळ्यात लाकडासारखा ताठ झाला. थोड्याच वर्षांत यांतील बहुतेक कंपन्या बुडाल्या आणि रबर या नावावरचा लोकांचा विश्वास उडाला.

येथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बॉस्टनचा उन्हाळा आपल्या उन्हाळ्याच्या तुलनेत सौम्य असतो. तेथे जो माल टिकला नाही, तो मराठवाड्याच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत किती काळ टिकला असता?

चिकटण्याची दोन कारणे

उन्हाळ्यात रबर चिकट होण्यामागे दोन निरनिराळी कारणे आहेत. ती वेगळी ओळखणे आवश्यक आहे, कारण एकावरचा उपाय दुसऱ्याला पूर्णपणे लागू पडत नाही.

पहिले कारण रबराच्या रचनेत आहे. रबराचा एक रेणू म्हणजे एक अतिशय लांब साखळी असते. आयसोप्रीन नावाच्या छोट्या घटकाच्या हजारो कड्या एकापुढे एक जोडून ती तयार होते. अशा असंख्य साखळ्या परस्परांत गुंतलेल्या असतात. ताटात वाढलेल्या शिजलेल्या शेवयांची कल्पना करावी. शेवया गुंतलेल्या असतात म्हणून घास उचलताना पुष्कळ शेवया एकदम उचलल्या जातात. परंतु एक शेवई दुसरीला बांधलेली नसते, म्हणून सावकाश ओढली तर ती सुटून बाहेर येते. कच्च्या रबराचे तसेच आहे. झटकन ताणून सोडले तर गुंता त्याला परत आणतो. मात्र वेळ मिळाला आणि उष्णता मिळाली की साखळ्या एकमेकींवरून घसरतात. उष्णता म्हणजे रेणूंची हालचाल. ती वाढली की घसरणेही वाढते. रबर ओघळू लागते आणि शेजारच्या वस्तूच्या पृष्ठभागावर पसरून तिला चिकटते. थंडीत उलट घडते. साखळ्यांची हालचाल मंदावते, कित्येक साखळ्या शेजारीशेजारी शिस्तीत बसतात आणि रबर ताठ होते. हा बदल बराचसा उलटा फिरविता येतो. थंड केले की मऊ रबर पुन्हा घट्ट होते आणि ताठ झालेले रबर ऊब दिली की मऊ होते.

दुसरे कारण अधिक घातक आहे. हवेतील ऑक्सिजन उष्णतेच्या आणि प्रकाशाच्या साहाय्याने रबराच्या साखळीवर आघात करतो व तिचे तुकडे पाडतो. लांब शेवयांचा चुरा झाला तर जी खीर होईल तशी रबराची गत होते. तुकडे झालेली साखळी आपोआप पुन्हा जुळत नाही, म्हणून असे रबर थंड केले तरी पूर्ववत होत नाही.

आणि येथे त्या काळच्या कारखानदारांची स्वतःची चूक भर घालीत होती. रबर कापडावर पसरावयाचे तर ते मऊ हवे. त्यासाठी कोणी ते टर्पेंटाइनमध्ये विरघळवीत, तर कोणी रुळांमध्ये घालून मळीत. टर्पेंटाइनचा अंश रबरात राहून ते मऊ ठेवी. मळण्याने तर साखळ्या प्रत्यक्ष तुटत. कणीक मळली की ती मऊ होते एवढेच कारखानदारास दिसे, साखळी तुटते हे दिसण्याचा काही मार्ग त्या काळी नव्हता. ज्या क्रियेने माल घडविणे सोपे झाले, त्याच क्रियेने तो उन्हाळ्यात टिकणे कठीण केले. झाडाचा चीक साच्यावर थरावर थर ओतून व धुरावर वाळवून केलेले ब्राझीलचे मूळ बूट या कारखान्यांतील मालापेक्षा बरे टिकत, त्याचे एक कारण हे की ते रबर मळलेले नसे.

शेगडीवरचा तुकडा

चार्ल्स गुडइयर हा अमेरिकेतील एका हार्डवेअरच्या व्यापाऱ्याचा मुलगा. तो रसायनशास्त्र शिकलेला नव्हता. 1834 मध्ये तो रॉक्सबरी कंपनीच्या न्यूयॉर्कमधील दुकानात गेला असता रबराच्या मालाची दुर्दशा त्याच्या ध्यानी आली आणि पुढची वर्षे त्याने याच एका प्रश्नावर घालविली. कर्जापायी तो तुरुंगातही गेला. त्याने रबरात मॅग्नेशिया मिसळून पाहिला, चुना मिसळून पाहिला. हे पदार्थ चिकटपणा पीठ लावल्याप्रमाणे झाकतात, मुळातून काढत नाहीत. नायट्रिक आम्लाने पृष्ठभाग धुतल्यावर रबर कोरडे लागते हे त्यास आढळले आणि त्या पद्धतीने त्याने टपालखात्यासाठी सुमारे दीडशे पिशव्या तयार केल्या. पिशव्या उबदार खोलीत काही दिवस टांगून ठेवल्या असता त्या आपल्याच वजनाने ओघळल्या. उपाय फक्त सालीला लागला होता, गाभा कच्चाच होता.

नॅथानिएल हेवर्ड नावाच्या कारागिरास असे आढळले होते की रबरावर गंधक टाकून ते उन्हात ठेवले तर पृष्ठभागाचा चिकटपणा कमी होतो. गुडइयरने ही युक्ती त्याच्याकडून विकत घेतली. परंतु हादेखील पृष्ठभागाचाच उपाय होता. 1839 मध्ये वूबर्न या गावी गंधक मिसळलेल्या रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. कच्चे रबर उष्णतेने वितळावयास हवे होते. हा तुकडा वितळला नाही. तो चामड्याप्रमाणे करपला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की करपलेल्या भागाच्या कडेला एक अरुंद पट्टा असा होता की जो करपलाही नव्हता आणि चिकटही राहिला नव्हता. जवळ असलेल्या अनेकांना तुकडा जळाला एवढेच दिसले. गुडइयरला तो पट्टा दिसला. योग्य जागी उष्णता थांबविता आली तर सगळाच तुकडा त्या पट्ट्यासारखा होईल, हे अनुमान त्याने काढले. हा शोध अपघाताने लागला असे सांगितले जाते आणि ते अर्धेच खरे आहे.

किती गंधक, किती उष्णता, किती वेळ, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात त्याची पुढील पाच वर्षे गेली. 1844 च्या जून महिन्यात त्यास अमेरिकेचे पेटंट मिळाले. त्यातील प्रमाण असे: रबर पंचवीस भाग, गंधक पाच भाग आणि शिशाचे पांढरे संयुग सात भाग, उष्णता सुमारे 270 अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या मापात साधारण 132 अंश सेल्सिअस. मधल्या काळात त्याच्या मालाचे नमुने इंग्लंडमध्ये पोहोचले होते. तेथील रबराचा जाणता कारखानदार थॉमस हॅनकॉक याने नमुन्यातील गंधकाची खूण ओळखली, स्वतः प्रयोग केले आणि गुडइयरच्या आधीच तेथील पेटंटसाठी अर्ज केला. इंग्लंडमधील हक्क त्यामुळे गुडइयरच्या हातून गेला. हॅनकॉकचा मित्र विल्यम ब्रॉकेडन याने या क्रियेस रोमन लोकांच्या अग्निदेवतेच्या, व्हल्कनच्या, नावावरून नाव सुचविले. अग्नी आणि गंधक दोन्ही त्या देवतेकडे येतात. गुडइयर 1860 मध्ये मोठे कर्ज मागे ठेवून वारला. त्याच्या नावाची टायर कंपनी पुढे इतरांनी काढली, तिच्याशी त्याचा वा त्याच्या कुटुंबाचा संबंध नव्हता.

गाठ म्हणजे काय

गंधकाने नेमके काय केले? आपल्या तालुक्याच्या कडेने गोदावरी वाहते आणि तिच्या काठी मासे धरणाऱ्यांची जाळी आपण पाहिली आहे. जाळे करण्यापूर्वी सुताच्या लांब दोऱ्यांचा ढीग असतो. ढिगातून एक दोरी ओढली तर ती निघून येते. त्याच दोऱ्यांना ठिकठिकाणी गाठी मारल्या की जाळे होते. जाळे कोठूनही ओढा, ते ताणले जाते, सोडले की परत येते, परंतु त्यातून एक दोरी वेगळी काढता येत नाही. ओढ सगळ्या जाळ्यात वाटली जाते.

गंधक रबराच्या साखळ्यांना अशाच गाठी मारतो. गंधकाचे आठ अणू मिळून एक कडे तयार झालेले असते. उष्णतेने हे कडे उघडते आणि त्याचे तुकडे रबराच्या साखळीतील दुहेरी बंधाच्या शेजारच्या जागी जोडले जातात. तुकड्याचे दुसरे टोक शेजारच्या साखळीला जोडले गेले की पूल तयार होतो. साखळीच्या साधारण शंभर कड्यांमागे असा एखादा पूल बांधला गेला तरी पुरते. मधल्या भागांत साखळी मोकळीच राहते, म्हणून रबर ताणले जाते. पुलांमुळे साखळ्या एकमेकींवरून घसरून जाऊ शकत नाहीत, म्हणून ते परत येते. उन्हात रेणूंची हालचाल वाढली तरी गाठ सुटत नाही. त्यामुळे रबर ओघळत नाही आणि चिकटत नाही. गाठींमुळे साखळ्यांना शिस्तीत शेजारी बसताही येत नाही, म्हणून साध्या थंडीत ते ताठही होत नाही. उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा असे दोन्ही प्रश्न एकाच गाठीने सुटले.

गाठी किती माराव्यात यावर वस्तूचा स्वभाव ठरतो. शंभर भाग रबरास दोन-तीन भाग गंधक दिला तर रबर बँडसारखे लवचीक रबर मिळते. गंधकाचे प्रमाण तीस-चाळीस भागांवर नेले तर गाठींची वीण इतकी दाट होते की रबर दगडासारखे कठीण बनते. त्यास एबोनाइट म्हणतात. स्थिर विद्युत शिकविताना आम्ही लोकरीवर घासावयास जी काळी कांडी देत असू, ती एबोनाइटची. टायरचा मऊपणा आणि त्या कांडीचा कठीणपणा यांत अंतर आहे ते मुख्यतः गाठींच्या संख्येचे.

हॉट पॅच

ही क्रिया केवळ मोठ्या कारखान्यांत घडते असे नाही. पंक्चरच्या दुकानावर ‘हॉट पॅच’ अशी पाटी आपण पाहतो. तेथे वीस मिनिटांत गुडइयरच्या पाच वर्षांचे सार आपल्यासमोर पार पडते. ट्रॅक्टरच्या ट्यूबचे उदाहरण घेऊ.

ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात बुडवितात आणि बुडबुड्यांवरून छिद्र शोधतात. जागा पूर्ण वाळवितात. मग कानशीने ती खरवडतात, कारण पृष्ठभागावरील मळ व जुने झालेले रबर निघून ताजे रबर उघडे पडावे लागते. त्यावर सोल्यूशन लावून ते बोटाला कोरडे लागेपर्यंत थांबतात. ओले असताना पॅच ठेवला तर तापविताना आतील द्रावकाची वाफ होऊन पॅचमध्ये पोकळ्या पडतात. त्यानंतर छिद्रावर कच्च्या रबराचा तुकडा ठेवतात. हा तुकडा मऊ व चिकट असतो. त्यात गंधक आणि इतर आवश्यक द्रव्ये मिसळलेली असतात, फक्त गाठी अद्याप पडलेल्या नसतात. शेवटी तो भाग विजेवर तापणाऱ्या पट्टीखाली स्क्रूने घट्ट दाबून तापवितात. दाबाने कच्चे रबर खरवडलेल्या प्रत्येक खाचेत शिरते, आणि तेथेच उष्णतेने गाठी पडतात. गाठी पॅचमध्ये पडतात तशाच पॅच आणि ट्यूब यांच्या सीमेवरही पडतात. म्हणून चांगला हॉट पॅच ट्यूबला केवळ चिकटलेला नसतो, तो तिचाच भाग झालेला असतो. हल्लीच्या बहुतेक ट्यूब ब्युटाइल नावाच्या कृत्रिम रबराच्या असतात, तरी तत्त्व हेच राहते.

यात वेळ आणि उष्णता यांचे गणित आहे. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की गाठी पडण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो. समजा, 150 अंशांना पॅच दहा मिनिटांत पिकतो. पट्टी 140 अंशांपर्यंतच तापली तर त्यास वीस मिनिटे लागतील, आणि 130 अंशांवर चाळीस. गावात विजेचा दाब कमी असताना पट्टी पुरेशी तापत नाही. कारागिराने सवयीने दहा मिनिटांतच स्क्रू सोडला तर पॅच कच्चा राहतो. तो ओळखावयाचा कसा? नखाने दाबून पाहावे. नखाची खूण उमटून राहिली तर पॅच कच्चा आहे. खूण लगेच भरून आली तर तो पिकला आहे. उलट फार वेळ तापविले तर नैसर्गिक रबरात पडलेल्या गाठी पुन्हा तुटू लागतात आणि रबर मऊ व दुबळे होते. भाकरीप्रमाणे येथेही कच्ची आणि करपलेली यांच्या मधली वेळ साधावी लागते. गुडइयरला शेगडीवरच्या तुकड्यात जो अरुंद पट्टा दिसला, तो हाच.

केवळ गंधक वापरला तर 140 अंशांनाही सुमारे पाच तास लागतात. मग पॅच इतक्या लवकर कसा होतो? 1906 मध्ये अमेरिकेतील जॉर्ज ओन्स्लेगर याने ॲनिलीन मिसळले असता ही क्रिया कितीतरी वेगाने होते असे शोधून काढले. अशा द्रव्यांना प्रवेगक म्हणतात. आजचे प्रवेगक झिंक ऑक्साइडच्या साथीने तासांचे काम मिनिटांवर आणतात आणि गंधकही कमी लागतो. गुडइयरच्या मिश्रणात शंभर भाग रबरास वीस भाग गंधक पडत होता, आज दोन-तीन भाग पुरतात.

गाठीची मर्यादा

आता एक रास्त शंका. कपाटात ठेवलेल्या नोटांच्या पुडक्यावरील रबर बँड दोन उन्हाळ्यांनंतर चिकट होऊन कागदाला चिकटतो, हा अनुभव घरोघरी आहे. तो तर व्हल्कनीकरण केलेलाच असतो, मग तो का चिकटतो? याचे उत्तर वर सांगितलेल्या दोन कारणांत आहे. गंधकाची गाठ पहिल्या कारणावर, म्हणजे साखळ्या घसरण्यावर, पक्का उपाय आहे. दुसरे कारण, म्हणजे ऑक्सिजनने साखळी तोडणे, ती थांबवीत नाही. दोन गाठींमधील साखळी तुटली की गाठीचा उपयोग संपतो. म्हणून टायरमध्ये ऑक्सिजनचा मारा स्वतःवर घेणारी द्रव्ये घालतात. काजळी घालतात ती मुख्यतः टायर बळकट होऊन कमी झिजावा म्हणून, परंतु तिने सूर्यप्रकाशही अडतो. टायरचा काळा रंग या काजळीचा. स्वस्त रबर बँडमध्ये अशी संरक्षक द्रव्ये थोडीच असतात, आणि तो सतत ताणलेला असल्याने लवकर खचतो. उन्हात ताणून बांधलेल्या रबरावर आडव्या चिरा पडतात, त्या हवेतील ओझोनमुळे. घरी रबराची वस्तू टिकवायची असेल तर ती न ताणता, अंधाऱ्या व थंड जागी ठेवावी, एवढा नियम यातून निघतो.

दुसरी मर्यादा त्याहून मोठी आहे. जी गाठ उन्हात सुटत नाही, ती आपल्याला हवी तेव्हाही सुटत नाही. प्लास्टिकची तुटकी बादली वितळवून नवी वस्तू ओतता येते. जुना टायर वितळविता येत नाही. पेट्रोलमध्ये टाकला तर तो फुगतो, पण विरघळत नाही. अधिक तापविला तर वितळण्याऐवजी कुजतो आणि जळतो, आणि जळताना गंधकाचा जो उग्र वायू निघतो तो छातीत भरतो. थंडीत शेकोटीसाठी टायर जाळू नये असे आम्ही मुलांना सांगत असू, त्याचे कारण हे.

म्हणून झिजलेल्या टायरचा उपयोग करावयाचा तर त्याला कापावेच लागते. आपल्या मोचीबांधवांनी आणि मजुरांनी हे कोणत्याही पुस्तकाविना ओळखले. तळासाठी टायरचा तुकडा राप्याने कापावा, पट्ट्या ट्यूबच्या घ्याव्यात, खिळ्यांनी जोडाव्यात, आणि ती चप्पल वर्षानुवर्षे डांबरी रस्त्यावरून चालावी. तिला वितळवून कोणी घडविले नाही, कारण ती वितळत नाही. आणि ती वितळत नाही म्हणूनच मे महिन्यात तिच्या जिवावर माणूस कामावर जाऊन परत येऊ शकतो. आमच्या वर्गातील कित्येक मुले शाळेत पहिल्या दिवशी आली ती अशीच चप्पल पायात घालून. ‘रबर मुळातच पक्के असते’ या उत्तरावर आम्ही त्यांना पायातली चप्पल काढून हातात घ्यावयास सांगत असू, तिला नखाने दाबावयास सांगत असू, आणि नखाची खूण भरून आली की धड्यास आरंभ करीत असू.